चार आवाज चारच ऐकू यावेत म्हणून: कोरालमधले समांतर पंचम आणि ‘नी’ची ओढ

इथल्या शाळेत म्युझिक थिअरी शिकणाऱ्या मुलांच्या वहीत एक खूण हमखास दिसते: दोन स्वरांच्या जोड्यांना जोडणाऱ्या दोन तिरप्या लाल रेघा आणि शेजारी ५-५ असे आकडे. याचा अर्थ ‘समांतर पंचम, चूक’. चूक का, हे मात्र वहीत क्वचितच लिहिलेले असते. आपण तंबोऱ्यावर सा-प ऐकत वाढलेली माणसे. सर्वांत गोड जोडीलाच मनाई कशी, असा प्रश्न आपल्याला पडणे साहजिक आहे. गंमत म्हणजे उत्तरही तंबोऱ्यातच आहे.

आधी कोराल म्हणजे काय ते पाहू. जर्मन ल्यूथरन चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायच्या भक्तिगीताची चाल म्हणजे कोराल. योहान सेबास्टियन बाखने अशा अनेक जुन्या चाली घेऊन त्या सर्वांत वरच्या आवाजाला, म्हणजे सोप्रानोला दिल्या आणि खाली आल्टो, टेनर व बेस असे तीन आवाज स्वतः रचले. त्याच्या मृत्यूनंतर १७८४ ते १७८७ या काळात लाइपझिगमध्ये ३७१ कोरालचा संग्रह छापला गेला. आजही विद्यार्थी हार्मनी शिकतात ती मुख्यतः याच नमुन्यावरून. त्यात चारही आवाजांना स्वतःची चाल असते. एक गातो आणि बाकीचे नुसती साथ करतात, असे तिथे नसते.

आता पंचमाकडे वळू. खालचा स्वर २०० हर्ट्झचा असेल, तर त्याच्या पंचमाची वारंवारता ३०० असते. पहिल्या स्वराचे उपस्वर ४००, ६००, ८०० असे चढत जातात आणि दुसऱ्याचे ६००, ९००, १२०० असे. म्हणजे वरच्या स्वराचा दर दुसरा उपस्वर खालच्या स्वरात आधीच असतो. अष्टकात, म्हणजे सा आणि वरचा सा या जोडीत, वरच्या स्वराचे सगळेच उपस्वर खालच्यात सामावलेले असतात. म्हणून या दोन जोड्या कानात एकजीव होतात. तंबोऱ्याला तेच हवे असते. चर्चचा ऑर्गन बनवणारेही याचा उपयोग करतात: पंचमात लावलेली नळ्यांची वेगळी रांग मूळ स्वराबरोबर वाजते आणि ऐकणाऱ्याला दोन स्वर न वाटता एकच भरदार स्वर वाटतो.

कोरालमध्ये नेमके हेच नको असते. दोन आवाज पंचमात आले तर हरकत नाही. प्रत्येक कॉर्डमध्ये ते कुठेतरी येतातच. पण तेच दोन आवाज एका पंचमातून दुसऱ्या पंचमात एकत्र सरकले की कान त्यांना एकच जाड आवाज समजतो. कागदावर चार आवाज असतात, ऐकू तीनच येतात. समांतर गांधार, म्हणजे सा-ग नंतर रे-म अशी चाल, मात्र चालते, कारण त्या जोडीचे उपस्वर इतके जुळत नाहीत.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पियानोवरचा मधला सी म्हणजे आपला मध्य सा. चाल आहे ग, म, रे, सा. खालच्या कॉर्ड आहेत सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे आणि पुन्हा सा-ग-प. कॉर्डमध्ये स्वर तीन आणि आवाज चार, म्हणून एक स्वर दोघांना द्यावा लागतो.

पहिली कॉर्ड: बेस सा, टेनर प, आल्टो सा, सोप्रानो ग. दुसरीत आल्टोचा सा तसाच राहतो, कारण तो दोन्ही कॉर्डमध्ये आहे. टेनर प वरून ध वर, सोप्रानो ग वरून म वर जातो आणि बेस खाली म वर उतरतो.

खरा सापळा पुढच्या पावलात आहे. म-ध-सा आणि प-नी-रे या शेजारच्या कॉर्ड. हात आपोआप सगळ्यांना एक पायरी वर ढकलतो: बेस म-प, टेनर ध-नी, आल्टो सा-रे, सोप्रानो म-प. आता तपासा. बेस आणि आल्टो म-सा वरून प-रे वर गेले: समांतर पंचम. मध्ये सप्तकांचे अंतर असले तरी तो पंचमच धरतात. बेस आणि सोप्रानो म-म वरून प-प वर गेले: समांतर अष्टक. शिवाय चालीत रे होता, तोही हुकला.

उपाय सोपा आहे: बेस वर जाताना वरच्या तिघांनी खाली यायचे. सोप्रानो म-रे, आल्टो सा-नी, टेनर ध-प. आता एकही जोडी समांतर पंचमात किंवा अष्टकात सरकत नाही.

तपासायलाही एक पद्धत आहे. चार आवाजांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक कॉर्डमध्ये पंचम किंवा अष्टक असलेल्या जोड्या आधी शोधा आणि पुढच्या कॉर्डला तेवढ्याच पाहा. त्या दोनतीनच निघतात. तोच पंचम जागेवर पुन्हा गायला गेला तर तो दोष नाही. दोष दोघे मिळून सरकण्यात आहे.

उरला शेवट: प-नी-रे वरून सा-ग-प. इथे नी म्हणजे लीडिंग टोन. सा पासून अर्ध्या स्वरावर असल्याने त्याची वर जाण्याची ओढ आपल्याला वेगळी सांगायला नको. म्हणूनच हा स्वर कधीही दोन आवाजांना द्यायचा नाही. दोघेही सा कडे गेले की समांतर अष्टक आलेच.

आपल्या उदाहरणात नी आल्टोकडे आहे. सोप्रानो रे-सा जाणार, बेस प-सा जाणार. आल्टोने नी-सा केले आणि टेनर प वर थांबला, तर कॉर्ड होते सा-प-सा-सा. गांधारच नाही. शेवट पोकळ वाटतो आणि तो शुद्ध गांधाराचा की कोमल, हेही कळत नाही. टेनरला प वरून ग वर उतरवले तर सा-ग-सा-सा मिळते. पंचम गेला, पण सा च्या उपस्वरांत तो असतोच, म्हणून त्याची उणीव फारशी भासत नाही. पाठ्यपुस्तके हे मान्य करतात.

बाख अनेकदा तिसरी वाट धरतो. टेनर प-ग उतरतो आणि आल्टोचा नी वर न जाता खाली प वर येतो. कॉर्ड पूर्ण होते:

सोप्रानो: ग – म – रे – सा
आल्टो: सा – सा – नी – प
टेनर: प – ध – प – ग
बेस: सा – म – प – सा

मग नी ची ओढ कुठे गेली? तिला हवा असलेला सा सोप्रानो त्याच क्षणी, लगेच वरच गातो. कान तो सा नी च्या पदरात टाकतो आणि समाधान पावतो. मात्र नी सोप्रानोत असेल, तर ही सवलत नाही. सर्वांत वरचा आवाज उघडा असतो. तिथला नी खाली पडला तर वाक्य अर्धवट सुटल्यासारखे वाटते.

हे नियम या शैलीपुरतेच आहेत. मध्ययुगीन युरोपात भजनाची चाल मुद्दाम समांतर पंचमात गात असत आणि देब्यूसीने त्याच एकजीव रंगासाठी समांतर पंचम पुन्हा आणले. ब्राह्म्सने तर थोर संगीतकारांच्या रचनांत सापडलेले समांतर पंचम आणि अष्टक वहीत उतरवून ठेवले होते. त्यामुळे पुढच्या वेळी वहीत लाल रेघा दिसल्या, तर ते दोन आवाज आधी वेगळे गाऊन पाहा आणि मग एकत्र. दोनाचा एक झाला, तर शिक्षकांची रेघ बरोबर आहे.