शॉर्टलिस्ट झालात, मग फोन का येत नाही?

चाकणच्या एका वाहनसुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा आहे. एका मुलीला ४ सप्टेंबरला फोन येतो, ‘मॅडम, तुमचा बायोडेटा शॉर्टलिस्ट झालाय, पुढच्या आठवड्यात मुलाखत.’ तो आठवडा जातो, त्याच्या पुढचाही जातो. २३ तारीख उजाडली तरी फोन नाही. हे उदाहरण कल्पित आहे, पण नोकरी शोधणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

आधी एक गोष्ट तपासायची. फोन नेमका कुणाचा होता? कंपनीच्या एचआरचा, की कन्सल्टन्सीचा? कन्सल्टन्सीवाला ‘शॉर्टलिस्ट झालं’ म्हणतो, तेव्हा अनेकदा त्यानेच चाळणी लावून तुमचा बायोडेटा कंपनीकडे पाठवलेला असतो, एवढंच. तिथे तो अजून कुणी उघडलेलाही नसेल. त्याला पैसे मिळतात ते उमेदवार रुजू झाल्यावर, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यामुळे कंपनी गप्प बसली की तो दुसऱ्या जागेमागे लागतो. तुम्हाला कळवण्यात त्याचा फायदा नसतो. राग येण्यासारखंच आहे, पण हा त्याचा हिशेब आहे.

म्हणून त्याला ‘माझं काय झालं?’ असं विचारू नका. ‘बायोडेटा कंपनीत कुणाकडे आणि कधी पाठवला, तिकडून काही उत्तर आलं का?’ असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर बायोडेटा बहुधा गेलेलाच नाही. मात्र त्याला वगळून थेट कंपनीला अर्ज करण्याची घाई नको. त्याच्यामार्फत बायोडेटा आधीच पोचला असेल, तर कमिशन कुणाचं यावरून वाद होतो, आणि असा वाद टाळण्यासाठी कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवू शकते.

फोन कंपनीतूनच आला होता असं धरू. मग स्वतःची बाजू तपासा. मुलाखतीची निमंत्रणं पुष्कळदा भरतीच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप सुटतात आणि स्पॅममध्ये जाऊन पडतात. बायोडेट्यावरचा मोबाइल नंबर एकेक आकडा करून वाचा. ०२० ने सुरू होणारा लँडलाइनचा एखादा कॉल जाहिरातीचा समजून कापला नाही ना, हेही आठवा.

यानंतर पाहायचं ते कॅलेंडर, आणि अकाउंट्सवाल्या माणसाला ते पाठ असायला हवं. मुलाखत घेणार तो अकाउंट्स मॅनेजर. त्याला ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा असतो, मासिक जीएसटी विवरणं ११ आणि २० तारखेला द्यायची असतात, आणि टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. छोट्या कंपनीत एचआर म्हणजे पगारपत्रक करणारी तीच एक बाई. महिन्याचा शेवट आणि पुढचे काही दिवस तिला मान वर करायला फुरसत नसते. सप्टेंबरात लांबलेली मुलाखत हा नकारच असेल असं नाही.

आता मेल. नवा लिहू नका. जुन्या मेललाच उत्तर द्या, म्हणजे आधीचा संदर्भ खाली आपोआप राहतो. जुना मेल नसेल, तर विषयात जागेचं नाव आणि फोनची तारीख घाला. मजकूर एवढा पुरे: ‘नमस्कार मॅडम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेबाबत ४ सप्टेंबरला आपलं बोलणं झालं होतं. या जागेच्या मुलाखती सुरू आहेत, की ऑडिट आटोपल्यावर ऑक्टोबरमध्ये होतील? माझा नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे. संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी मी येऊ शकते.’ प्रश्न एकच आणि उत्तर एका ओळीत देता येईल असा. ‘मी फार आशेने वाट पाहते आहे’ हे वाक्य काढून टाका. त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही.

उत्तर आलं, तर त्यातले शब्द नीट वाचा. ‘पोझिशन होल्डवर आहे’ म्हणजे खर्चाची मंजुरी अडकली किंवा आतलाच कुणी त्या जागेवर येतोय. महिन्याभराने पुन्हा विचारायला हरकत नाही. ‘प्रोसेसमध्ये आहे, कळवतो’ याचा अर्थ बहुधा दुसऱ्या कुणाची मुलाखत झाली आहे आणि तुम्ही राखीव आहात. अशा वेळी ‘साधारण कोणत्या तारखेपर्यंत?’ एवढंच विचारा.

उत्तर आलंच नाही, तर आठवड्याभराने एक फोन करा, कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास. तोही वाया गेला, तर तिथेच थांबा. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एनी अपडेट?’ पाठवल्याने मंजुरी लवकर येत नाही, फक्त तुमचा नंबर म्यूट होतो.

आणि मुलाखतीची वेळ पक्की करायला कुणी नोंदणीचे किंवा ‘फाइल चार्ज’चे पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. मुलाखतीला बोलावण्यासाठी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.