तोट्यालाही मुदत असते

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास होता, असे त्यात दिसले. यातल्या कितीजणांनी हा तोटा विवरणपत्रात दाखवला असेल, कोण जाणे. 'कमाई झालीच नाही, तर दाखवायचे काय?' असे विचारणारे नोकरदार तर मला नेहमीच भेटतात. दाखवायचा तो तोटाच. आयकर कायदा तोटा वळता करू देतो, म्हणजे दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू देतो. उरला तर पुढच्या वर्षांत ओढूही देतो. मात्र कोणता तोटा कशातून वजा करायचा आणि किती वर्षे, याचे नियम ताठ आहेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकच्या कारखान्यात नोकरी करणारा अभियंता, वर्ष २०२३-२४. पगार १४ लाख, मुदतठेवीचे व्याज ५०,०००. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ३,२०,००० गेले. काही शेअर घेतल्यापासून वर्षाच्या आत विकले, त्यात ६०,००० गेले. शिवाय एक प्लॉट विकला. तो २०१२-१३ मध्ये १० लाखांना घेतलेला, विकला १५ लाख ४० हजारांना. हातात ५ लाख ४० हजारांचा नफा, पण त्या काळी महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून धरता येत असे. निर्देशांक तेव्हाचा २००, विक्रीच्या वर्षीचा ३४८. म्हणजे कायद्याच्या लेखी प्लॉट १७ लाख ४० हजारांना पडला आणि २ लाखांचा दीर्घकालीन भांडवली तोटा झाला. (२३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीत असा कागदावरचा तोटा काढता येत नाही.)

आता हे तीन तोटे एकाच वर्षातल्या उत्पन्नातून वजा करायचे. शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स कायद्याने साधा व्यवसाय मानला जातो, सट्टा नव्हे. व्यवसायाचा तोटा त्याच वर्षी व्याज, घरभाडे, भांडवली नफा यांतून वजा होतो; फक्त पगाराला त्याचा हात लागत नाही. त्यामुळे आपल्या अभियंत्याचे व्याजाचे ५०,००० पुसले गेले आणि व्यवसायाचे २,७०,००० उरले. शेअर आणि प्लॉटचे तोटे भांडवली. भांडवली तोटा भांडवली नफ्याखेरीज कशातूनच वजा होत नाही, आणि त्या वर्षी त्याला तसा नफा नव्हता. तेव्हा एकूण ५,३०,००० पुढे ओढायचे.

आठ वर्षे मिळतात, तीही तोट्याच्या वर्षानंतरची. म्हणजे २०२३-२४ चा तोटा ३१ मार्च २०३२ पर्यंतच्या कमाईतून वजा करता येईल. एकाच दिवसात शेअर घेऊन विकणे, म्हणजे इंट्राडे, हा मात्र सट्टा. त्याचा तोटा चारच वर्षे चालतो आणि सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. एका ब्रोकरच्या एकाच खात्यात हे दोन्ही व्यवहार होत असल्याने लोक सगळ्याची एकच बेरीज करतात. ती चूक पुढे महागात पडते.

पण या सगळ्याच्या आधीची अट विवरणपत्राच्या तारखेची. त्या वर्षासाठी, ज्यांना लेखापरीक्षण लागत नव्हते त्यांची शेवटची तारीख होती ३१ जुलै २०२४. अभियंत्याने ऑगस्टमध्ये उशिराचे विवरणपत्र भरले असते तरी व्याजाचे ५०,००० वजा झालेच असते, कारण त्याच वर्षीची वजावट उशिराने जात नाही. ५,३०,००० पुढे नेण्याचा हक्क मात्र गेला असता. उशिराचे ५,००० रुपये शुल्क सगळ्यांना दिसते, हे नुकसान कुणाला दिसत नाही. वेळेवर दाखवलेला जुना तोटा मात्र पुढच्या एखाद्या वर्षी उशीर झाला म्हणून बुडत नाही. कारखानदारांसाठी एक दिलासा आहे: यंत्रांचा न वापरला गेलेला घसारा या तारखेला बांधलेला नाही आणि त्याला वर्षांची मर्यादाही नाही.

पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, अभियंत्याला शेअरमध्ये १,००,००० चा अल्पकालीन नफा झाला. त्यातून मागचे ६०,००० वजा, कर ४०,००० वर. प्लॉटचा तोटा इथे उपयोगी नाही. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. त्या वर्षीच्या व्याजातून व्यवसायाचा जुना तोटाही वजा होत नाही. पुढे ओढल्यावर तो व्यवसायाच्याच नफ्याची वाट पाहतो. तोच व्यवसाय चालू ठेवायची सक्ती मात्र नाही; बंद केलेल्या दुकानाचा तोटा दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.

२०२५-२६ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सने १,८०,००० दिले, ते पूर्ण वजा झाले, ९०,००० शिल्लक राहिले. त्याच वर्षी इक्विटी म्युच्युअल फंड विकून १,९०,००० चा दीर्घकालीन नफा झाला, आणि इथे खरी मेख आहे. अशा नफ्यातले वर्षाला १,२५,००० तसेही करमुक्त असतात. पण कायदा आधी जुना तोटा वजा करतो, मग करमुक्तीकडे पाहतो, आणि 'तोटा पुढच्या वर्षी वापरतो' म्हणण्याची मुभा नाही. प्लॉटच्या २ लाखांपैकी १,९०,००० तिथेच संपले. तोटा नसता तर ६५,००० वर साडेबारा टक्क्यांनी ८,१२५ रुपये कर बसला असता. म्हणजे १,९०,००० चा तोटा खर्चून वाचले ८,१२५. जवळ असा तोटा असेल तेव्हा थोडेथोडे विकू नये. त्याच वर्षी त्याने ३,२५,००० नफ्याइतके फंड विकले असते, तर २ लाख तोट्यात आणि उरलेले १,२५,००० करमुक्तीत बसले असते, त्या नफ्यावर कर शून्य.

व्यवहारात सर्वांत जास्त चुका फॉर्म निवडताना होतात. पगारदार सवयीने आयटीआर-१ किंवा २ भरतो. व्यवसायाचा तोटा त्यात दाखवायला जागाच नाही, आयटीआर-३ लागतो. भरल्यावर शेड्यूल CFL उघडून वर्षवार आकडे पाहावेत. नंतर विभागाकडून कलम १४३(१) ची सूचना येते. त्यातला पुढे नेलेला तोटा आपल्या आकड्याशी जुळला नाही, तर लगेच दुरुस्ती मागावी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी जुन्या तोट्याची उरलेली वर्षे कायम राहतात.

तारीख खरोखरच आजारपणासारख्या कारणाने चुकली असेल, तर आयुक्तांकडे उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. खरी अडचण सिद्ध करावी लागते, आणि 'तोटाच होता म्हणून भरले नाही' हे कारण तिथे चालण्यासारखे नाही. तेव्हा ज्या वर्षी बाजारात पैसे गेले, त्या वर्षी ब्रोकरचा ताळेबंद जूनमध्येच सीएकडे नेऊन द्या.