जिने तीन, सुटकेची वाट एकही नाही

ढाक्याजवळच्या आशुलियातला ताझरीन फॅशन्स हा कपड्यांचा कारखाना 24 नोव्हेंबर 2012 च्या संध्याकाळी पेटला आणि त्यात किमान 112 कामगार मरण पावले. आग कशी लागली, हे सगळेच विचारतात. माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हे शोधायला मात्र कागद आणि कामगार दोन्ही गाठावे लागतात.

ताझरीनच्या अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षी जूनमध्ये संपली होती. बांधकामाची परवानगी तीन मजल्यांची होती, प्रत्यक्षात आठ मजले उभे होते आणि नववा चढत होता. बातमीदाराचा मोह इथेच थांबायचा असतो. पण मुदत संपलेला कागद एवढंच सांगतो की कारखाना नियमबाह्य चालला होता. त्या कागदामुळे माणसं मेली, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तो दुवा वाचलेल्या कामगारांनी दिला. धोक्याची घंटा वाजली तेव्हा साहेबांनी पुन्हा कामाला बसायला सांगितलं, दारांना कुलपं होती, असं त्यांनी सांगितलं. इमारतीला जिने तीन होते, पण तिन्ही तळमजल्यावर उतरत होते आणि आग लागली होती ती तिथल्याच सूत-कापडाच्या साठ्याला. बाहेरून उतरायला वेगळा जिना नव्हता. नुसते जिने मोजले असते, तर ही इमारत बरी ठरली असती.

म्हणून अशा मुलाखतीत ‘दाराला कुलूप होतं ना?’ असं विचारू नये. तुम्ही कितव्या मजल्यावर होता, कुठल्या जिन्याकडे धावलात, तिथे काय दिसलं, हे प्रत्येकाला एकेकट्याने विचारावं आणि उत्तरं नकाशावर मांडावीत. वेगवेगळ्या मजल्यांवरचे लोक एकाच दाराशी अडकले असतील, तर ती साक्ष भक्कम होते.

तपासणीच्या नोंदीत निष्कर्षाइतकाच पुढचा पाठपुरावा वाचावा. वॉलमार्टसाठी मे 2011 मध्ये झालेल्या तपासणीत ताझरीनला ‘नारिंगी’, म्हणजे जास्त धोक्याचा शेरा मिळाला होता. या कारखान्याला आमची परवानगी उरली नव्हती, एका पुरवठादाराने परस्पर काम दिलं, असं कंपनीने आगीनंतर सांगितलं. राखेत मात्र तिच्यासाठीच्या कपड्यांची लेबलं सापडली. धोका दिसल्यावर गिऱ्हाइकाने हात काढून घेतला, तरी कामगार त्याच इमारतीत राहिले. मला यातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

महाराष्ट्रात असा शोध ‘नमुना ब’पासून सुरू करता येतो. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत सादर करायचा असतो. माहिती अधिकारात तो मागताना मागच्या काही वर्षांचे दाखले एकत्र मागावेत. दाखल्यात पंप चालू म्हटला असेल, तर तो शेवटचा कधी सुरू केलेला पाहिला, हे पाळीतल्या कामगारांना विचारावं.