दहा रुग्णांची झोप

संख्याशास्त्राच्या बहुतेक वर्गांत कधी ना कधी एक स्वाध्याय हमखास येतो. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली. नेहमीपेक्षा किती तास जास्त झोप लागली, याचे आकडे दिले आहेत. दुसरे औषध पहिल्यापेक्षा खरोखर प्रभावी आहे का, ते तपासा आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढा. प्रश्न दोन ओळींचा असला तरी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक त्यातच दडलेली असते, म्हणून तो सावकाश सोडवू.

हे आकडे कुशनी आणि पीबल्स यांच्या १९०५च्या प्रयोगातले आहेत. १९०८ साली डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक शोधनिबंध लिहिला आणि नमुना लहान असताना सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हे याच आकड्यांवर करून दाखवले. आज आर या संगणक-भाषेत `sleep` या नावाने ते आयते मिळतात.

पहिल्या औषधाने दहा जणांची झोप अशी बदलली: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.० तास. उणे चिन्ह म्हणजे झोप कमी झाली. दुसऱ्या औषधाचे आकडे त्याच क्रमाने: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. पहिल्याची सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याची २.३३ तास. दोन्हींत फरक १.५८ तासांचा, म्हणजे जवळजवळ ९५ मिनिटांचा.

इथे अनेक विद्यार्थी दोन्ही ओळी दोन वेगळे गट समजून टी-टेस्ट लावतात. उत्तर येते टी = १.८६, पी-व्हॅल्यू ०.०७९. फरकाचा इंटर्व्हल −०.२ ते ३.४ तास असा निघतो आणि त्यात शून्यही बसते. मग वहीत लिहिले जाते, ‘फरक सिद्ध होत नाही.’ गणितात एकही चूक नसते, तरी उत्तर चुकलेले असते.

कारण हे वीस रुग्ण नाहीत, दहाच आहेत. सातव्या रुग्णाला दोन्ही औषधांनी भरपूर झोप आली, ३.७ आणि ५.५ तास जास्त. दुसऱ्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने उलट कमी झाली आणि दुसऱ्याने जेमतेम ०.८ तास वाढली. माणसामाणसांतला हा फरक औषधांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. दोन वेगळे गट मानले की तो सगळा गोंगाट हिशेबात येतो आणि औषधांतला फरक त्याखाली झाकला जातो. प्रत्येक रुग्णाची त्याच्याशीच तुलना केली तर हा गोंगाट बराचसा वजा होतो.

जोडी आहे की नाही, हे ओळखायला मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: दुसऱ्या ओळीतल्या आकड्यांचा क्रम विस्कटला तर काही माहिती हरवते का? हरवत असेल, तर जोडी आहे. इथे तर कोणाचा आकडा कोणाचा, हेच हरवेल.

आता फरक मांडू, दुसरे वजा पहिले: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. दोन ओळींची एक ओळ झाली आणि सरासरी तीच राहिली, १.५८. हे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन १.२३ येते. दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ने, त्याला भागले की ०.३८९ मिळते. हा सरासरीचा प्रमाणदोष. पुन्हा दुसरे दहा रुग्ण घेतले असते तर सरासरी साधारण किती इकडेतिकडे झाली असती, याचा हा अंदाज.

गॉसेटचे काम इथे लागते. नमुना मोठा असता तर प्रमाणदोषाला १.९६ने गुणून इंटर्व्हल काढता आला असता. पण दहाच आकड्यांवरून काढलेले विचलन स्वतःच डळमळीत असते, योगायोगाने ते खूप लहानही येऊ शकते. त्या अनिश्चिततेची भरपाई म्हणून गुणक मोठा घ्यावा लागतो. दहा फरकांसाठी टीच्या तक्त्यात ९ स्वातंत्र्यमात्रांसमोर २.२६ सापडते. २.२६ गुणिले ०.३८९ म्हणजे ०.८८. म्हणून इंटर्व्हल १.५८ उणे-अधिक ०.८८, म्हणजेच ०.७० ते २.४६ तास. शून्य आता बाहेर आहे.

चाचणीसाठी नल हायपोथेसिस असे धरायचे की दोन्ही औषधांत सरासरीने काहीच फरक नाही. १.५८ला ०.३८९ने भागले की टी = ४.०६ मिळतो आणि पी-व्हॅल्यू ०.००२८. पडताळायला एक ओळ पुरे:

```
with(sleep, t.test(extra[group==2], extra[group==1], paired=TRUE))
```

०.००२८ म्हणजे ‘औषधांत फरक नसण्याची शक्यता इतकी’ असे मुले लिहितात. तसे नाही. फरक खरोखर नसता, तर इतका किंवा याहून मोठा टी योगायोगाने दिसण्याची शक्यता एवढी आहे, हा त्याचा अर्थ. ९५ टक्क्यांचेही तसेच. खरा फरक ०.७० ते २.४६मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के, असे हा हिशेब म्हणत नाही. या पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन इंटर्व्हल काढत गेलो तर शंभरातले सुमारे ९५ खऱ्या फरकाला पकडतील, एवढीच हमी आहे. आपला त्या पंच्याण्णवांतला आहे की उरलेल्या पाचांतला, हे आकडे सांगत नाहीत.

नवव्या रुग्णाचा ४.६ डोळ्यांत खुपतो. त्याच्यामुळेच निकाल लागला असेल, अशी शंका येणे रास्त आहे. तो काढून पाहिला तर नऊ फरकांची सरासरी १.२४वर घसरते, पण विचलनही १.२३वरून ०.६६वर येते. टी चक्क वाढून ५.६६ होतो, आणि इंटर्व्हल आवळून ०.७४ ते १.७५ तास. म्हणजे या रुग्णाने सरासरी वाढवली खरी, पण त्याहून जास्त विचलन फुगवले. दोन्ही हिशेब उत्तरात लिहावेत. ४.६ मात्र केवळ मोठा दिसतो म्हणून गाळू नये. नोंद चुकली असल्याचा पुरावा हवा, आणि तो आपल्याकडे नाही.

इंटर्व्हलकडे पाहूनच कळते की फरक ४२ मिनिटांचा असू शकतो किंवा अडीच तासांचाही. पी-व्हॅल्यू एकटी लिहिली तर हे दिसत नाही, म्हणून मी उत्तरात इंटर्व्हल आधी मागतो.

आणि स्वाध्यायात न विचारलेली एक गोष्ट. हे रुग्ण मिशिगनमधल्या एका मनोरुग्णालयातले होते. निरोगी माणसाला या औषधाने किती झोप येईल, हे या दहा आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय गॉसेटच्या निबंधात औषधांची नावेही चुकीची नोंदली गेली होती. टी = ४.०६ हा हिशेब त्यामुळे बिघडत नाही. पण तो कोणत्या औषधाबद्दल आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर १९०५चा मूळ निबंधच उघडावा लागतो.