फुफ्फुसात पाणी आलं कुठून?

आयसीयूच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, "फुफ्फुसात पाणी झालंय ना, मग सुईने काढून का टाकत नाही?" प्रश्न रास्त आहे. ओळखीतल्या कुणाचं तरी पाणी असं सुईने काढलेलं असतंच. पण ते फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या दोन आवरणांच्या मध्ये साचलेलं पाणी. पल्मनरी इडिमामध्ये पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्यांमध्ये उतरतं. तिथून ते सुईने निघत नाही. ते घालवायचं तर ते कुठल्या वाटेने आलं हे आधी ठरवावं लागतं, कारण एका वाटेचा इलाज दुसऱ्या वाटेवर घातकही ठरू शकतो.

वाटा मुख्यतः दोन. बागेच्या पाइपातून पाणी गळतं ते एक तर आतला दाब फार वाढल्याने, नाहीतर पाइपालाच भोकं पडल्याने. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांचंही तसंच. हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडली की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. एरवी १२ मिलिमीटरच्या आत राहणारा तिथला दाब १८च्या वर गेला की पाणी झिरपू लागतं आणि २५ ओलांडला की हवेच्या पिशव्या भरू लागतात. हा हृदयामुळे झालेला इडिमा. दुसऱ्या प्रकारात हृदय ठीक असतं, पण न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज किंवा श्वासनलिकेत गेलेली उलटी अशा कारणांनी केशवाहिन्यांच्या भिंतीच सच्छिद्र होतात. त्याचं गंभीर रूप म्हणजे एआरडीएस. करोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं.

एक उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या आजी, बीपी आणि शुगर जुनी, मूत्रपिंडं जरा कमजोर. तीन दिवस ताप आणि खोकला, आणि रात्री दोन वाजता एकदम दम. कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा ऑक्सिजन ८४, एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. वय आणि बीपी पाहिलं तर संशय हृदयावर जातो, ताप पाहिला तर फुफ्फुसावर.

इथे चांगला डॉक्टर यंत्राआधी प्रश्नांकडे वळतो. या आजाराच्या आधी आजींना झोपायला दोन-तीन उशा लागत होत्या का? मध्यरात्री गुदमरून जाग यायची आणि उठून बसल्यावर बरं वाटायचं का? पावलं सुजत होती का? बीपीच्या गोळ्या चुकल्या का? छातीत दुखलं का? उत्तरं होकारार्थी आली तर बोट हृदयाकडे वळतं. आजींच्या घरच्यांनी सगळ्यांना 'नाही' म्हटलं.

मग हात लावून पाहायचं. हृदय थकलं की हातपाय बहुधा गार पडतात, घामाने चिकट होतात आणि मानेतली शीर फुगलेली दिसते. संसर्गात निदान सुरुवातीला तरी हात उबदार असतात, नाडी उसळती लागते. स्टेथोस्कोपने हृदयाचा तिसरा ठोका ऐकू आला तर तो हृदयाविरुद्धचा मोठा पुरावा, पण ऐकू आला नाही म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. कॅज्युअल्टीच्या गोंगाटात तो निसटतोच. फुफ्फुसातली बुडबुड्यांसारखी करकर मात्र दोन्ही प्रकारांत ऐकू येते, त्यामुळे निवाड्याला तिचा फारसा उपयोग नाही. आजींचे हात गरम होते, ताप १०२, बीपी १००/६० आणि मानेची शीर सपाट.

आता रक्ताची तपासणी. हृदयाचे स्नायू ताणले गेले की बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. १९८८मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडलं. ते मुख्यतः हृदयातच तयार होतं, हे नंतर कळलं. आपल्याकडच्या लॅबमध्ये बहुधा त्याचा जोडीदार एनटी-प्रोबीएनपी मोजतात. अचानक दम लागलेल्या माणसात हा आकडा ३००च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर जवळपास बाद होतं. वरचा आकडा मात्र वयाप्रमाणे वाचायचा: पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १८००. त्यावर गेला तर हृदयाचा संशय बळावतो.

आजींचा आकडा आला १४५०. रिपोर्टवर तो ठळक छापलेला, आणि नातवाने फोनवर शोधून 'हार्ट फेल्युअर' असा निकालही दिलेला. पण कमजोर मूत्रपिंडांमुळे हा आकडा वाढतो, गंभीर संसर्गातही वाढतो. उलट फार लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो, आणि हृदय तासाभरापूर्वीच बिघडलं असेल तर त्याला वाढायला वेळच मिळालेला नसतो. माझ्या मते या तपासणीची खरी ताकद 'हृदय नाही' हे सांगण्यात आहे. 'हृदयच' हे सांगताना ती अडखळते. मधल्या आकड्याने काहीच ठरत नाही.

ठरवलं ते इकोने. हृदय जोरात पंप करत होतं, आत दाब वाढल्याची खूण नव्हती. फुफ्फुसाच्या सोनोग्राफीतही पाणी सगळीकडे सारखं नसून ठिगळाठिगळांनी दिसत होतं आणि आवरणाची रेघ खडबडीत होती. निदान झालं न्यूमोनियातून आलेल्या एआरडीएसचं.

हे निदान उलटं झालं असतं तर? हृदयाच्या इडिमात रुग्णाला बसवतात, मास्कने दाबाची हवा देतात, शिरेतून लॅसिक्स देतात आणि बीपी चढलेलं असेल तर नायट्रोग्लिसरीन. शिवाय ईसीजीत हार्ट अटॅक दिसला तर थेट अँजिओप्लास्टी. असा रुग्ण कित्येकदा तासा-दोन तासांत बोलू लागतो. आजींना नायट्रोग्लिसरीन दिलं असतं तर आधीच उतरलेलं बीपी कोसळलं असतं आणि भोकं तशीच राहिली असती. त्यांना हवे होते लवकर सुरू केलेले अँटिबायोटिक्स, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर, तोही लहान श्वासांचा. मोठे श्वास आधीच सुजलेल्या फुफ्फुसाला आणखी फाडतात. २०००मध्ये अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत लहान श्वासांनी मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. आजार फार गंभीर असेल तर रुग्णाला दिवसातले १६ तास पालथं ठेवतात. बीपी सावरलं की सलाइनही हात राखूनच द्यायचं. इथे सुधारणा तासांत नाही, दिवसांत आणि आठवड्यांत मोजतात.

वय पाहून अंदाज बांधण्यातही धोका आहे. कोकणात लाल विंचू चावलेल्या धडधाकट पोराच्या तोंडाला गुलाबी फेस येतो, आणि तो इडिमा प्रामुख्याने हृदयाचाच असतो. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी इथे वापरून असंख्य जीव वाचवले. काही रुग्णांत दोन्ही वाटा एकदम उघडतात. न्यूमोनियाने जुन्या हृदयरोग्याचं हृदयही थकतं, आणि मग उपचार दोन्हीकडचे, तोलूनमापून करावे लागतात.

घरात कुणाला असा दम लागला तर त्याला आडवं करू नका. टेकू देऊन बसवा आणि १०८ला फोन लावा. निघताना गोळ्यांची पाकिटं आणि जुना इकोचा रिपोर्ट पिशवीत टाका. ताप कधी आला, उशा किती लागत होत्या, कुठली गोळी चुकली, हे ज्याला नीट माहीत आहे त्याने सोबत जा.