अकराव्या वर्षाची भेट

रिमोटची गाडी खोक्यातून बाहेर पडत नाही, बाहुल्या धाकट्या बहिणीकडे गेलेल्या असतात आणि मोबाइलला घरात अजून परवानगी नाही. दहा ते बारा वर्षांच्या मुलाचा वाढदिवस आला की मामा-मावश्यांची पंचाईत होते ती इथेच. या वयाला खेळातली नव्हे, मोठ्यांची खरी वस्तू हवी असते.

पक्षितज्ज्ञ सलीम अली याच वयाचे होते. खेतवाडीत राहणाऱ्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, त्यांना छर्ऱ्याची बंदूक दिली होती. तिने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते १९०८मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी ती ओळखलीच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला.

आज बंदूक कोणी देणार नाही, देऊही नये. पण दुर्बीण देता येते.

खेळण्यांच्या दुकानातली प्लॅस्टिकची मात्र नको. तिच्यातून धूसर दिसतं आणि मूल दोन दिवसांत ती टाकून देतं. दुर्बिणीवर ८×३२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. या वयाला ८×३० किंवा ८×३२ बरी. ८×४२मध्ये संध्याकाळी जास्त उजळ दिसतं, पण ती अर्ध्या किलोच्या बरीच वर जाते आणि लहान मान दुखते. मोठ्या आकड्याला भुलू नये: वीस पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही वीस पट होते, पक्षी चौकटीत ठरतच नाही.

फसगत होते ती डोळ्यांमधल्या अंतरात. मुलांचं हे अंतर कमी असतं आणि काही दुर्बिणींच्या नळ्या तेवढ्या जवळ येत नाहीत. म्हणून 'सरप्राइज' सोडून मुलालाच दुकानात न्यावं. नळ्या जवळ आणल्यावर त्याला एकच गोल दिसला तर घ्यावी. दोन गोल किंवा काळ्या सावल्या दिसल्या तर दुसरी बघावी. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दुमडायची.

घरी आल्यावर एकदाच जुळवणी. उजव्या भिंगावर हात ठेवून मधल्या चाकाने समोरच्या इमारतीची पाटी डाव्या डोळ्याला स्वच्छ करायची. मग डावं भिंग झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. पुढे फक्त मधलं चाक. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावावं. डोळा कायमचा जाऊ शकतो.

सुरुवात तारेवरच्या वेड्या राघूपासून करावी. तो उडून माशी पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो, त्यामुळे नवख्या हातालाही सापडतो. आणि दुर्बीण 'खराब होईल' म्हणून आईच्या कपाटात जाऊ नये. ती खिडकीजवळच्या खिळ्यालाच टांगलेली बरी.