सावळं मनगट, हिरवा उजेड

स्मार्टवॉच मनगटावरून काढून उलटं धरलं, की पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. हृदयाचे ठोके मोजण्याचं सगळं काम या उजेडावर चालतं. रक्त हिरवा उजेड चांगलाच शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जास्त रक्त येतं, तेवढा उजेड जास्त शोषला जातो आणि दिव्याशेजारच्या संवेदकाकडे परतणारा उजेड तेवढाच कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. हा चढउतार मिनिटाला किती वेळा होतो, ते मोजलं की ठोके मिळाले. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. बोलताना सगळे ‘पीपीजी’ म्हणतात.

अडचण अशी, की परतणाऱ्या उजेडात या चढउताराचा वाटा फारच थोडा असतो. शंभर भाग उजेड परत आला, तर त्यात ठोक्यामुळे हलणारा भाग साधारण एक-दोन, कधी त्याहूनही कमी. बाकीचा उजेड त्वचेवरून आणि तिच्याखालच्या थरांवरून नुसता परत फिरलेला असतो. एवढ्याशा थरथरीवर सगळी भिस्त असल्यामुळे मधे जे काही येईल, त्याचा हिशेब करावा लागतो. म्हणूनच सावळा रंग, मनगटावरचा टॅटू आणि दाट केस या तिघांबद्दल लोक विचारतात. ‘उजेड अडतो’ एवढंच उत्तर त्यांना मिळतं. पण हे तिघे उजेड तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडवतात आणि त्यामुळे त्यांचे परिणामही वेगळे होतात.

आधी रंगाचं पाहू. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन सगळ्यांत वरच्या, कागदासारख्या पातळ थरात असतं. रक्तवाहिन्या त्याच्या खाली. घड्याळाचा उजेड मेलॅनिनमधून आत जातो आणि परत येताना पुन्हा त्यातूनच बाहेर पडतो, म्हणजे कर दोनदा भरतो. त्यात मेलॅनिन तांबड्या उजेडापेक्षा हिरवा जास्त शोषतं. मग तांबडा किंवा इन्फ्रारेड का वापरत नाहीत? कारण तो फार खोल जातो आणि हात हलला, की तिथल्या स्नायूंची आणि शिरांतल्या रक्ताची हालचालही मोजमापात घुसते. हिरवा उजेड वरच्या वरच राहतो, म्हणून चालता-धावताना तोच जास्त कामाचा. काही घड्याळं तुम्ही स्वस्थ बसलेले असताना इन्फ्रारेड वापरतात आणि व्यायाम सुरू झाला की हिरव्यावर येतात.

आता मेलॅनिनमुळे नक्की काय कमी होतं, ते आकड्यांत मांडून पाहू. समजा, गोऱ्या मनगटावरून 100 भाग उजेड परत आला आणि त्यात ठोक्याची थरथर 1 भागाची होती. गडद मनगटावरून 40 भाग आला, तर थरथर 0.4 भागाची होईल. दोन्ही एकाच प्रमाणात घटले. शंभरात एक हे नातं तसंच राहिलं. काळा गॉगल घातल्यावर सगळंच अंधूक होतं, पण समोरची बस दिसायची थांबत नाही, तसंच हे. घड्याळ यावर उपाय करतं: दिव्याची तीव्रता वाढवतं, जास्त भराभर नोंदी घेतं. त्याचा खर्च बॅटरीवर पडतो. खरा प्रश्न उरतो तो घड्याळाच्या स्वतःच्या खरखरीचा, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांत सतत चालणाऱ्या बारीक गडबडीचा. ती त्वचेच्या रंगाबरोबर कमी होत नाही. त्यामुळे थरथर आधीच अशक्त असेल, उदाहरणार्थ थंडीत हात गार पडून त्वचेतला रक्तपुरवठा घटला असेल किंवा पट्टा सैल असेल, तेव्हा गडद त्वचेवर घड्याळ आधी अडखळू शकतं.

संशोधनातून मिळणारी उत्तरं एकसारखी नाहीत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने 2017 साली 60 जणांवर सात मनगटी उपकरणं तपासली. त्यात गडद त्वचेच्या लोकांत ठोक्यांची चूक जास्त निघाली. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने 2020 साली 53 जण घेतले आणि त्वचेच्या रंगाचे सगळे गट मुद्दाम सारख्या प्रमाणात ठेवले. त्यांना रंगानुसार लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र बसलेल्या माणसापेक्षा हालचाल करणाऱ्या माणसाच्या मोजणीत चूक सरासरी 30 टक्क्यांनी जास्त होती आणि उपकरणाउपकरणांतही फरक होता. वरचं गणित लक्षात घेतलं तर यात नवल नाही. हालचालीचा धक्का परतणाऱ्या सगळ्याच उजेडाला बसतो, मग तो 100 भाग असो की 40. गोऱ्या आणि सावळ्या दोघांनाही तो जवळपास सारखाच त्रास देतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. गडद त्वचेवर ऑक्सिजनचं प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दिसतं, अशा बातम्या कोविडच्या काळात आल्या आणि त्या खऱ्या होत्या. पण ऑक्सिजनसाठी दोन रंगांच्या उजेडांची एकमेकांशी तुलना करावी लागते आणि मेलॅनिन दोन्ही रंग सारखे शोषत नाही. ठोके मोजताना फक्त दोन लाटांमधलं अंतर पाहायचं असतं. म्हणून एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

टॅटूची गोष्ट मात्र वेगळी आहे. 2015 साली ॲपलचं पहिलं घड्याळ बाजारात आलं, तेव्हा मनगटावर टॅटू असलेल्यांची तक्रार होती, की घड्याळ हातात असूनही ते काढून ठेवल्यासारखं कुलूप लावून घेतं. काही टॅटूंची शाई, नक्षी आणि गडदपणा यांमुळे उजेड अडू शकतो, हे कंपनीनेही मान्य केलं. शाई मेलॅनिनच्या थराखाली, म्हणजे रक्तवाहिन्या असलेल्याच थरात बसलेली असते. काळी शाई म्हणजे बहुधा काजळीच. आपल्याकडचं जुनं गोंदणही काजळीचंच. ती जवळपास सगळा उजेड गिळते. लाल शाई लाल दिसते ती हिरवा उजेड शोषते म्हणूनच, त्यामुळे तीही या दिव्यापुढे आडवी येते.

नक्षीमुळे आणखी एक घोटाळा होतो. मेलॅनिन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, टॅटूला मात्र कडा असतात. धावताना त्वचा घड्याळाखाली मिलिमीटरभर जरी सरकली, तरी दिव्यासमोर कधी शाई येते, कधी मोकळी त्वचा. त्यामुळे परतणारा उजेड शंभरात एकाने नाही, तर दहा-वीसने वरखाली होऊ शकतो. त्या उलथापालथीत ठोक्याची थरथर सापडायची कशी? दिवा प्रखर करूनही ही अडचण सुटत नाही. फिकट, विरळ टॅटूवर घड्याळ चालूही शकतं. भरगच्च काळ्यावर मात्र दुसरा हात हाच खरा इलाज.

केसांचा दोष निराळाच. केस थोडा उजेड शोषतात आणि विखुरतात, पण जास्त नुकसान होतं ते घड्याळ उचललं गेल्यामुळे. दाट केसांवर घड्याळाची पाठ त्वचेला नीट टेकत नाही. त्या फटीतून बाहेरचं ऊन आत शिरतं आणि दिव्याचा काही उजेड त्वचेत न जाताच संवेदकावर पडतो. केसांवर घड्याळ सरकतंही लवकर. म्हणून पट्टा एक घर घट्ट करून, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घातला, की बऱ्याचदा काम भागतं. तरीही शंका वाटली तर घड्याळाएवढ्या जागेतले केस काढून फरक पडतो का ते पाहावं. फरक पडला नाही, तर दोष केसांचा नव्हता.

छातीवर बांधायच्या पट्ट्याला या सगळ्याशी देणंघेणं नसतं, कारण तो उजेड वापरतच नाही. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाआधी त्यातून विजेची लाट जाते. त्वचेवर ती जेमतेम मिलिव्होल्टच्या घरात पोचते, पण तिचं टोक अणकुचीदार असतं. पट्ट्याचे दोन इलेक्ट्रोड ते टोक पकडतात आणि दोन टोकांमधला वेळ मोजतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2017 साली 50 जणांवर केलेल्या तपासणीत ईसीजीशी जुळणी 1 पर्यंतच्या मापात मोजली होती. पट्ट्याला 0.99 मिळाले, मनगटी उपकरणांना 0.83 ते 0.91. अर्थात पट्ट्याच्याही खोड्या आहेत. इलेक्ट्रोड कोरडे असतील तर पहिली काही मिनिटं घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात, म्हणून ते आधी पाण्याने ओले करतात. छातीवर दाट केस असतील तर इथेही संपर्क कमी पडतो. कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट घासला गेला, की स्थिर विजेमुळे भलताच आकडा उमटू शकतो.

आपल्या मनगटावर काय होतं, हे घरीच तपासता येतं. कुणाकडून तरी पट्टा मागून आणा आणि तो फोनमधल्या ॲपला जोडा, घड्याळाला नाही. घड्याळाला जोडलात तर बहुतेक घड्याळं स्वतःचा दिवा सोडून पट्ट्याचेच आकडे नोंदवतात आणि तुलना आपोआप ‘तंतोतंत’ निघते. मग पाच मिनिटं बसा, दहा मिनिटं चाला, नंतर एक मिनिट जोरात आणि एक मिनिट सावकाश, असं पाच-सहा वेळा पळा. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा.

बसलेलं असतानाच घड्याळाचा आलेख तुटत असेल किंवा आकड्याऐवजी रेघ येत असेल, तर उजेड पुरेसा परत येत नाही. तिथे टॅटू, केस, सैल पट्टा किंवा गार हात यांच्यावर संशय घ्यावा. बसताना आणि चालताना दोन्ही आलेख जुळतात, पण जोरात पळताना घड्याळाची रेघ उशिरा चढते, हे सगळ्याच रंगांच्या मनगटांवर दिसतं. तिसरी चूक सगळ्यांत फसवी. समजा, तुमची पावलं मिनिटाला 172 पडताहेत, पट्टा 148 ठोके दाखवतोय आणि घड्याळ ठामपणे 171. घड्याळाने ठोक्यांची लय सोडून हाताच्या झोक्याची, म्हणजे पावलांची लय धरली आहे. ओळखायची खूण चढावर मिळते: तिथे पावलं 165 वर येतात, पट्टा 160 पर्यंत चढतो आणि घड्याळ मात्र पावलांबरोबर खाली उतरतं. धाप वाढत असताना ठोके कमी होणं शक्य नाही.

तुकड्यातुकड्यांत जोरात पळून ठोक्यांनुसार सराव करणाऱ्याने पट्टाच घ्यावा, मनगट गोरं असो वा सावळं. दिवसभराचा अंदाज, झोपेतले ठोके आणि सावकाश फेरफटका एवढंच पाहायचं असेल, तर घट्ट बांधलेलं घड्याळ सावळ्या मनगटावरही सहसा पुरतं. दोन्ही मनगटं भरगच्च गोंदलेली असतील, तर दंडावर किंवा कोपराखाली मोकळ्या त्वचेवर बांधायचे उजेडाचे पट्टे मिळतात. छातीवर पट्टा नको असेल, तर ते घ्यावेत.